कुशीवर वळताना येणारी चक्कर: घरी एप्ली व्यायाम कसा करावा?

पहाटे झोपेत कूस बदलली आणि खोली गरगर फिरू लागली. पलंगाची कड घट्ट धरून डोळे मिटून घेतले, तर अर्ध्या मिनिटात सगळं थांबलं. पुन्हा त्याच कुशीवर वळल्यावर पुन्हा तेच. असा अनुभव घेऊन येणाऱ्या बहुतेक रुग्णांना वाटतं की बीपी वाढलं आहे, पित्त झालं आहे किंवा मानेच्या मणक्याचा त्रास आहे. प्रत्यक्षात यातल्या अनेकांना बीपीपीव्ही, म्हणजे डोक्याच्या स्थितीनुसार येणारी कानाची चक्कर असते. हा त्रास घाबरवणारा असला तरी मेंदूचा आजार नाही. त्यावर गोळ्यांपेक्षा डोकं ठरावीक क्रमाने फिरवण्याचा एप्ली व्यायाम जास्त उपयोगी पडतो.

डॉक्टरांनी तुम्हाला बीपीपीव्हीचं निदान सांगितलं असेल, कोणत्या कानाचा त्रास आहे हे सांगितलं असेल आणि घरी व्यायाम करायला सुचवलं असेल, तर ही माहिती तुमच्यासाठी आहे. निदान झालेलं नसेल तर आधी तपासून घ्या. त्याचं कारण पुढे सविस्तर दिलं आहे.

ही चक्कर का येते?

आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणारे अवयव असतात. त्यांपैकी एका पिशवीसारख्या भागात कॅल्शियमचे अतिशय बारीक कण चिकटलेले असतात. शेजारीच द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि डोकं कोणत्या दिशेला फिरलं हे त्या मेंदूला कळवतात. वयामुळे, डोक्याला मार लागल्याने, दीर्घकाळ अंथरुणात पडून राहिल्याने किंवा काही वेळा कोणत्याही उघड कारणाशिवाय हे कण सुटतात आणि एखाद्या नलिकेत शिरतात. बहुतेक वेळा ती मागची नलिका असते, कारण ती सर्वांत खालच्या बाजूला असते.

आता तुम्ही आडवे झालात किंवा कूस बदललीत की नलिकेतले कण घरंगळतात आणि आतला द्रव हलवतात. डोकं थांबलेलं असतं, पण तो कान मेंदूला सांगत राहतो की डोकं फिरतं आहे. दुसरा कान तसं काही सांगत नाही. या विसंगतीमुळे खोली फिरल्यासारखी वाटते आणि मळमळतं. कण तळाशी बसले की चक्कर थांबते, म्हणूनच ती सहसा एका मिनिटाच्या आत जाते.

लहान मुलांच्या खेळण्यात डबी हळूहळू तिरकी करत बारीक छर्रा वाटेवरून त्याच्या जागी न्यायचा असतो. एप्ली व्यायामात तेच करायचं असतं. डोकं एकामागून एक ठरावीक स्थितीत ठेवलं की कण नलिकेतून पुढे पुढे सरकतात आणि शेवटी मूळ पिशवीत जाऊन पडतात. तिथे ते त्रास देत नाहीत. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरातील कानाचे डॉक्टर जॉन एप्ली यांनी ही पद्धत शोधली आणि १९९२ साली तिच्याविषयीचा त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्यांच्याच नावाने ती ओळखली जाते.

चक्कर याच प्रकारची आहे ना?

बीपीपीव्हीची चक्कर ओळखण्याच्या काही खुणा आहेत. ती आडवं होताना, अंथरुणातून उठताना, कूस बदलताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना किंवा खाली वाकताना येते. हालचाल झाल्यावर दोन-चार सेकंदांनी सुरू होते, वाढते आणि ओसरते. डोकं स्थिर ठेवून बसलं की गरगरणं राहत नाही. या चक्करेसोबत ऐकू येणं कमी होत नाही आणि शुद्धही जात नाही.

उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथे रक्तदाबाचा किंवा औषधांचा विचार करावा लागतो. तासन् तास सलग फिरत राहणारी चक्करही वेगळी असते.

डॉक्टर डिक्स-हॉलपाइक नावाची तपासणी करतात. मान एका बाजूला वळवून रुग्णाला पटकन आडवं करतात आणि डोळ्यांकडे पाहतात. ज्या बाजूला चक्कर येते आणि बुबुळं विशिष्ट पद्धतीने फिरत थरथरतात, तो कान बिघडलेला असतो. घरच्या व्यायामात कान चुकला तर फायदा होत नाही, म्हणून ही तपासणी महत्त्वाची आहे. डॉक्टरांकडून निघताना "उजवा कान" की "डावा कान" हे कागदावर लिहून घ्या.

कोणी घरी हा व्यायाम करू नये?

या व्यायामात मान मागे झुकवावी आणि वळवावी लागते. त्यामुळे खालीलपैकी काही असेल तर डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय घरी करू नका.

- मानेचं ऑपरेशन किंवा फ्रॅक्चर झालेलं असणं, मानेतली नस दबलेली असणं, हातांत मुंग्या किंवा कमजोरी येणं
- संधिवातामुळे मानेचे सांधे सैल झालेले असणं
- मानेतल्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असणं किंवा नुकताच पक्षाघात होऊन गेलेला असणं
- डोळ्याचा पडदा सरकलेला असणं किंवा डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असणं
- आडवं झोपल्यावर दम लागेल असा हृदयाचा आजार असणं
- पाठीला मोठा बाक असणं, ज्यामुळे सपाट झोपताच येत नाही

गर्भवती स्त्रियांनी आणि हाडं ठिसूळ झालेल्या वृद्धांनी पहिली फेरी दवाखान्यातच करून घ्यावी. मान मागे झुकवता येत नसेल तर हा व्यायाम सोडून देण्याची गरज नसते. डॉक्टर कुशीवर झोपून करायचा दुसरा व्यायाम शिकवू शकतात.

तयारी

पोट भरलेलं असताना व्यायाम करू नका. जेवणानंतर किमान दोन तास जाऊ द्या. उलटीची भीती असेल तर जवळ एखादं पातेलं आणि रुमाल ठेवा. पहिले काही दिवस घरातलं एक मोठं माणूस सोबत हवंच. त्याची तीन कामं आहेत: सेकंद मोजणं, डोकं नीट स्थितीत आहे का ते पाहणं आणि शेवटी उठून बसताना खांदा धरणं.

पलंगावर पाय लांब करून बसा. उजव्या कानाचा त्रास असेल तर तुमच्या डाव्या हाताची कड मोकळी हवी, कारण शेवटी तुम्ही त्या बाजूने पाय खाली सोडून उठणार आहात. डाव्या कानाचा त्रास असेल तर उजवी कड मोकळी हवी. त्या बाजूला भिंत असेल तर उशाची बाजू बदलून बसा.

आता उशीची जागा. सर्वांत जास्त चूक इथेच होते. उशी डोक्याखाली घ्यायची नाही. आडवं झाल्यावर ती खांद्यांखाली आली पाहिजे आणि डोकं तिच्या पलीकडे गादीवर टेकलं पाहिजे. त्यामुळे मान आपोआप थोडी मागे झुकते. आधी एकदा सावकाश आडवं होऊन खांदे कुठे येतात ते पाहा आणि तिथे उशी ठेवा. फार जाड उशी नको.

उजव्या कानासाठी पायऱ्या

१. पलंगावर पाय लांब करून ताठ बसा. चेहरा उजवीकडे अर्धा वळवा. नाक समोर नाही आणि पूर्ण उजव्या खांद्यावरही नाही, त्या दोन्हींच्या बरोबर मध्ये असावं.

२. चेहरा तसाच वळलेला ठेवून एका दमात मागे आडवे व्हा. झटका द्यायचा नाही, पण रेंगाळायचंही नाही. साधारण दोन-तीन सेकंदांत खांदे उशीवर आणि डोकं गादीवर आलं पाहिजे. उजवा कान खालच्या बाजूला असेल. इथे चक्कर येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. डोळे उघडे ठेवा आणि उठू नका. किमान ३० सेकंद थांबा. गरगरणं तेव्हाही सुरू असेल तर ते थांबेपर्यंत आणि त्यानंतर आणखी ३० सेकंद तसेच राहा.

३. डोकं गादीवरून न उचलता चेहरा हळूहळू डावीकडे न्या. आता नाक समोर आणि डाव्या खांद्याच्या मध्ये येईल आणि डावा कान खाली असेल. मान मागे झुकलेलीच राहू द्या. पुन्हा ३० सेकंद थांबा.

४. आता पूर्ण शरीर डाव्या कुशीवर वळवा आणि डोकंही त्यासोबत फिरू द्या. चेहरा डाव्या खांद्याकडे होता, तो तसाच राहील. त्यामुळे नाक तिरकं खाली, गादीकडे येईल. गादीवर पडलेली एखादी वस्तू बघत आहात असं वाटलं पाहिजे. ३० सेकंद थांबा.

५. हनुवटी डाव्या खांद्याकडे ठेवूनच दोन्ही पाय पलंगाच्या डाव्या कडेवरून खाली सोडा आणि हातांचा आधार घेऊन सावकाश उठून बसा. मग चेहरा समोर आणा, हनुवटी थोडी खाली झुकलेली ठेवा. बसल्याबरोबर काही जणांना अचानक पुढे किंवा मागे ढकलल्यासारखं वाटतं, म्हणून सोबतच्या माणसाने या वेळी खांदा धरावा. दहा-पंधरा मिनिटं तसंच बसून राहा.

डाव्या कानासाठी पायऱ्या

१. ताठ बसून चेहरा डावीकडे अर्धा वळवा.

२. तसेच एका दमात मागे आडवे व्हा. खांदे उशीवर, डोकं गादीवर, डावा कान खाली. किमान ३० सेकंद, किंवा गरगरणं थांबून आणखी ३० सेकंद थांबा.

३. डोकं न उचलता चेहरा उजवीकडे अर्धा न्या. उजवा कान खाली येईल. ३० सेकंद थांबा.

४. शरीर आणि डोकं एकत्र उजव्या कुशीवर वळवा. नाक तिरकं गादीकडे. ३० सेकंद थांबा.

५. हनुवटी उजव्या खांद्याकडे ठेवून पाय उजव्या कडेवरून खाली सोडा आणि उठून बसा. मग चेहरा समोर आणा. दहा-पंधरा मिनिटं बसून राहा.

किती वेळा आणि किती दिवस?

दिवसातून तीन वेळा करा: सकाळी, दुपारी आणि रात्री झोपण्यापूर्वी. पूर्ण २४ तास अजिबात गरगरलं नाही की थांबा. बहुतेकांना काही दिवसांतच फरक पडतो. आठवडाभर नीट करूनही चक्कर तशीच असेल तर व्यायाम चालू न ठेवता पुन्हा डॉक्टरांना दाखवा.

पहिल्या फेरीत दुसऱ्या पायरीवर चक्कर येणं अपेक्षित आहे. त्याचा अर्थ कण हलत आहेत असा होतो. घाबरून मध्येच उठून बसलात तर कण पुन्हा मागे जातात आणि फेरी वाया जाते. फेऱ्या वाढत गेल्या की त्याच पायरीवरची चक्कर कमी होत जाते. ती येईनाशी होणं ही व्यायाम लागू पडल्याची खूण आहे.

व्यायामानंतर दोन रात्री बसून झोपायचं, मानेला कॉलर लावायची, ठरावीक कुशीवर झोपायचंच नाही, असे सल्ले पूर्वी दिले जायचे. आता त्यांची गरज मानली जात नाही. मात्र व्यायामानंतर लगेच दुचाकी किंवा गाडी चालवू नका, आणि चक्कर पूर्ण जाईपर्यंत स्टूलवर, शिडीवर किंवा गच्चीच्या कठड्याजवळ काम करू नका.

एक उदाहरण

५८ वर्षांच्या एक काकू आठ दिवसांच्या त्रासानंतर तपासायला आल्या. पहाटे उजव्या कुशीवर वळलं की खोली फिरायची. एकदा न्हाणीघरात वाकताना तोल जाऊन भिंतीचा आधार घ्यावा लागला, तेव्हा घरचे घाबरले. बीपी नॉर्मल होतं. मानेचा एक्स-रे आधीच झाला होता आणि त्यात त्यांच्या वयाला साजेशी झीज दिसली होती. म्हणून त्या मानेला पट्टा लावून होत्या आणि चक्करेची गोळी दिवसातून तीनदा घेत होत्या. गोळीने गुंगी यायची, पण कूस बदलली की गरगरायचंच.

तपासणीत उजव्या बाजूला आडवं करताच चार सेकंदांनी चक्कर सुरू झाली आणि वीस सेकंदांत थांबली. डाव्या बाजूला काहीच झालं नाही. दवाखान्यात एकदा एप्ली करून त्यांना घरी पाठवलं आणि सुनेला पायऱ्या दाखवल्या.

तिसऱ्या दिवशी सुनेचा फोन आला: "डॉक्टर, आई रोज तीनदा करतात, पण काहीच फरक नाही." कसं करता ते विचारल्यावर दोन चुका सापडल्या. काकू सवयीने उशी डोक्याखाली घेत होत्या, त्यामुळे मान मागे झुकण्याऐवजी पुढे वाकत होती. शिवाय उजवीकडून डावीकडे वळताना त्या डोकं उचलून घेत होत्या. उशी खांद्यांखाली आली आणि सुनेने डोक्याला हाताचा आधार देऊन ते गादीवरच फिरवायला सुरुवात केली. सुधारलेल्या पहिल्या फेरीत जोरात गरगरलं, दुसऱ्या दिवशी थोडंच आणि त्यानंतर अजिबात नाही. पुढचा आठवडाभर चालताना थोडं तरंगल्यासारखं वाटत राहिलं, मग तेही गेलं. असं हलकं अस्थिर वाटणं बऱ्याच जणांना काही दिवस राहतं आणि चालणं-फिरणं सुरू ठेवल्यावर कमी होतं. मानेचा पट्टा त्यांना मुळात लागणारच नव्हता.

फरक पडत नसेल तर काय तपासावं?

आधी उशी आणि डोकं उचलणं या दोन गोष्टी पाहा. मग कान बरोबर आहे का ते पाहा. चिठ्ठीवर "उजवा" लिहिलं असताना समोर बसून मदत करणारा माणूस स्वतःची उजवी बाजू धरतो, अशी गल्लत होते. आणखी एक शक्यता म्हणजे व्यायामाच्या दरम्यान कण मागच्या नलिकेतून आडव्या नलिकेत जाणं. असं झालं तर आडवं असताना डावीकडे आणि उजवीकडे, दोन्ही बाजूंना वळल्यावर जोराची चक्कर येते. तेव्हा एप्ली थांबवा, कारण आडव्या नलिकेसाठी वेगळा व्यायाम लागतो आणि तो डॉक्टर शिकवतात.

गोळ्यांचं काय?

चक्करेच्या गोळ्या कण जागेवर नेत नाहीत. मळमळ फार असेल तर डॉक्टर दोन-तीन दिवस औषध देतात, तेवढंच ते योग्य आहे. प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिनसारख्या गोळ्या महिनोन् महिने घेत राहिल्यास वृद्धांमध्ये गुंगी, हात थरथरणं आणि पडण्याचा धोका वाढतो. चालू असलेली गोळी मनाने बंद न करता तिची अजून गरज आहे का, हे पुढच्या भेटीत विचारा. कानात तेल किंवा थेंब घालून या त्रासाला काही फायदा होत नाही, कारण कण पडद्याच्या पलीकडे, खूप आत असतात.

ताबडतोब रुग्णालयात कधी जावं?

चक्करेसोबत खालीलपैकी एकही गोष्ट असेल तर एप्ली करत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा रुग्णालयात जा.

- बोलणं अडखळणं, चेहरा वाकडा होणं, हात-पाय लुळे पडणं किंवा बधिर होणं
- एकाचे दोन दिसणं, गिळायला त्रास होणं
- आधाराशिवाय उभं राहता किंवा चालता न येणं
- कधीच झाली नव्हती अशी तीव्र डोकेदुखी किंवा अचानक मानदुखी
- डोकं स्थिर असतानाही तासन् तास चालू राहणारी चक्कर
- एका कानाने अचानक ऐकू न येणं
- छातीत दुखणं किंवा शुद्ध हरपणं

व्यायाम करताना हातात मुंग्या आल्या, मानेत जोराची कळ आली किंवा नजर धूसर झाली, तर त्याच क्षणी थांबा आणि डॉक्टरांना कळवा.

पुन्हा झालं तर?

बीपीपीव्ही काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा होऊ शकतो. लक्षणं अगदी पहिल्यासारखीच असतील आणि कान तोच असेल, तर डॉक्टरांच्या आधीच्या सल्ल्यानुसार घरी व्यायाम सुरू करता येतो. या वेळी दुसऱ्या कुशीवर चक्कर येत असेल किंवा काही नवीन लक्षण असेल, तर पुन्हा तपासून घ्या. वारंवार होत असेल तर ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी का, हे विचारा. कमतरता भरून काढल्यावर काही रुग्णांमध्ये हा त्रास पुन्हा होण्याचं प्रमाण कमी होतं.

तोपर्यंत घरात एक काळजी घ्या. रात्री उठताना आधी कडेवर मिनिटभर बसा, पलंग ते न्हाणीघर या वाटेवर दिवा चालू ठेवा आणि पायात अडकणारी पायपुसणी उचलून ठेवा. ही चक्कर स्वतः हाड मोडत नाही, पण तिच्यामुळे अंधारात पडून खुब्याचं हाड मोडू शकतं.

ही माहिती डॉक्टरांच्या प्रत्यक्ष तपासणीला पर्याय नाही. पहिल्यांदाच चक्कर आली असेल तर व्यायामाआधी निदान करून घ्या.